प्रदूषणाचं सीरम घेऊ, की संध्याकाळी तोंड नीट धुऊ?

"मी रोज स्कूटरनं लोकमान्यनगरहून विजयनगरला ऑफिसला जाते. जाऊन-येऊन दीड तास रस्त्यावर जातो, पलासियाच्या आसपास तर धूळ आणि धूर विचारू नका. तोंडाला स्टोल बांधते, सनस्क्रीनही लावते. घरी आल्यावर फेसवॉशनं तोंड धुते, तरी कापूस फिरवला की तो करडा होतो, आणि जबड्याच्या कडेनं बारीक पुटकुळ्या येतात. दुकानातल्या मुलीनं 'अँटी-पोल्युशन' व्हिटॅमिन सी सीरम सुचवलंय, 30 मिलीला 1,800 रुपये. आई म्हणते, डाळीचं पीठ लाव आणि पैसे वाचव. सीरमनं खरंच फरक पडतो, की तोंड नीट धुतलं तरी पुरे?"
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

सीरम सध्या घेऊ नका. आधी सहा आठवडे संध्याकाळची धुण्याची पद्धत बदला आणि स्टोलची व्यवस्था लावा. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारी, करडा कापूस आणि जबड्याकडच्या पुटकुळ्या, सीरमच्या हद्दीतल्या नाहीत. सीरमला जागा आहे, पण ती कुठे आणि केव्हा हे कळण्यासाठी रस्त्यावरची धूळ त्वचेचं नेमकं काय करते ते पाहू.

जाहिरातीत हमखास एक वाक्य असतं: हवेतले कण त्वचेच्या रंध्रांपेक्षा कितीतरी लहान असतात, म्हणून ते सरळ आत शिरतात. कण लहान असतात हे खरं. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. पण केवळ लहान आहे म्हणून कण आत जात नाही. त्वचेच्या वरच्या मृत पेशींचे थर मेदानं एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, आणि ते धड असले तर बहुतेक कण वरच अडकतात. खरा त्रास कणाला चिकटून आलेल्या गोष्टींचा. डिझेल, लाकूड, कचरा अर्धवट जळला की जी संयुगं तयार होतात, त्यांतली बरीच तेलात विरघळणारी असतात. चेहऱ्यावर तर तेल असतंच: थोडं त्वचेचं स्वतःचं, थोडं सनस्क्रीनचं. ती संयुगं त्या तेलात उतरतात, पसरतात आणि केसांच्या मुळांच्या तोंडाशी साचतात. वरून ऊन पडलं की त्यातली काही ऊन शोषून आजूबाजूच्या पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू तयार करतात. डाग आणि सुरकुत्यांचा संबंध इथे येतो.

या संबंधाला पुरावा आहे. जर्मनीत 70 ते 80 वयाच्या 400 स्त्रियांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. वाहनांच्या काजळीचं प्रमाण जिथे जास्त, तिथल्या स्त्रियांच्या कपाळावर आणि गालांवर डाग सुमारे 20 टक्क्यांनी जास्त आढळले, आणि हा फरक ऊन व सिगारेटचा हिशेब वेगळा काढूनही उरला. मात्र त्या गोऱ्या त्वचेच्या, वयस्क आणि दीर्घकाळ त्या हवेत राहिलेल्या स्त्रिया होत्या. तुमच्या दीड तासाच्या प्रवासाला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

म्हणजे प्रश्नाचे दोन भाग झाले. एक, दिवसभरात चेहऱ्यावर साचलेला थर. दोन, त्या थरामुळे आणि उन्हामुळे त्वचेच्या आत होणारी इजा. धुणं पहिल्यावर काम करतं, व्हिटॅमिन सीसारखं अँटीऑक्सिडंट सीरम दुसऱ्यावर. थर रात्रभर तसाच राहिला तर सीरमला रोज नव्या मालाशी झुंजत बसावं लागतं.

आता 'अँटी-पोल्युशन' या शिक्क्याबद्दल. सनस्क्रीनच्या एसपीएफला मोजायची ठरलेली पद्धत आहे. प्रदूषणापासून संरक्षणाचा तसा सर्वमान्य आकडा नाही. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी 2020 चे नियम आहेत आणि लेबलवर दिशाभूल करणारा दावा चालत नाही, पण 'अँटी-पोल्युशन' लिहायला अमुक एक चाचणी पास व्हायलाच हवी असं नाही. कंपन्या बहुधा आपापल्या चाचण्या करतात. त्यातली एक नेहमीची अशी: त्वचेवर किंवा कृत्रिम त्वचेवर उत्पादन लावायचं, वर कोळशाची बारीक पूड टाकायची, पाण्यानं धुवायचं आणि किती पूड उरली याचे फोटो काढायचे. उत्पादनानं त्वचेवर पातळ पडदा धरला असेल तर पूड कमी चिकटते आणि लवकर निघते. बाटलीवरच्या घटकांत 'बायोसॅकराइड गम-4' दिसलं तर हाच प्रकार समजा. यात खोटं काही नाही. पण सिद्ध काय झालं, तर धूळ सहज धुतली जाते. साधं मॉइश्चरायझर आणि त्यावर सनस्क्रीन लावलं की त्वचेवर तसाही एक थर असतोच, आणि तोही शेवटी संध्याकाळी धुवावाच लागतो.

व्हिटॅमिन सीचं प्रकरण याहून भक्कम आहे, म्हणून ते एका झटक्यात मोडीत काढणार नाही. व्हिटॅमिन सीचं मूळ रूप, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, त्वचेत शिरायला द्रावणाचा पीएच 3.5 च्या खाली लागतो, आणि 20 टक्क्यांच्या वर मात्रा नेऊन फायदा वाढत नाही, हे 2001 मध्येच दाखवलं गेलं. 15 टक्के व्हिटॅमिन सी, 1 टक्का व्हिटॅमिन ई आणि अर्धा टक्का फेरुलिक अ‍ॅसिड यांच्या मिश्रणानं डुकराच्या त्वचेवर अतिनील किरणांपासूनचं संरक्षण चौपटीवरून आठपटीवर गेलं, हे 2005 चं काम. ओझोनसारख्या वायूच्या बाबतीतही अशा मिश्रणांनी इजा कमी होते असं प्रयोगांत दिसलं. पण तिथे थोड्या लोकांच्या त्वचेच्या छोट्या भागावर, शहरातल्या हवेपेक्षा बऱ्याच जास्त मात्रेचा ओझोन सोडला होता. तुम्ही सीरम लावून पलासियाच्या सिग्नलला उभ्या राहिलात, आणि वर्षभरानं डाग कमी दिसले, एवढी लांब उडी त्या प्रयोगांवरून मारता येत नाही.

आता तुमच्या कापसाकडे येऊ, कारण दुकानात तोच दाखवून माल विकला जातो. करडा कापूस म्हणजे त्वचेच्या आत मुरलेलं प्रदूषण नव्हे. त्यात सनस्क्रीन, तेल, घाम, मृत पेशी आणि धूळ यांचा लगदा असतो. उद्या धुतल्यावर चेहऱ्याचे तीन भाग वेगवेगळ्या ओल्या कापसानं पुसून पाहा: नाकपुडीची कड, कपाळाला केस सुरू होतात ती रेघ, आणि जबड्याच्या खालची बाजू. गाल स्वच्छ आणि या तीन जागी करडं, असं दिसलं तर दोष फेसवॉशचा नाही, तुमचा हात तिथवर पोचत नाही. कापूस पांढुरका किंवा फिका पिवळसर असेल तर ते मागे उरलेलं सनस्क्रीन. आणखी एक खूण: धुतल्यानंतर गालावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर वॉटर-रेझिस्टंट सनस्क्रीनचा पडदा अजून तिथेच आहे. निव्वळ फेसवॉश त्याला पुरा पडत नाही, आणि धूळ त्याच पडद्यात बसलेली असते.

म्हणून संध्याकाळी दोनदा धुवायचं, पण दोन वेगळ्या वस्तूंनी. घरात शिरल्यावर लगेच, झोपेच्या वेळेपर्यंत थांबायचं नाही. आधी हात साबणानं धुऊन कोरडे करा आणि केस मागे बांधा. पहिल्या फेरीसाठी पाणी घातल्यावर दुधाळ होणारं क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम घ्या. कोरड्या चेहऱ्यावर, कोरड्या हातांनी, चहाचा अर्धा चमचा पुरतो. बोटांच्या पेरांनी मिनिटभर फिरवा, जोर न लावता. नाकाच्या कडा, केसांची रेघ, कानांसमोरचा भाग, जबड्याची खालची बाजू आणि मान, या जागांना मुद्दाम वेळ द्या. मग बोटं थोडी ओली करून पुन्हा फिरवा. चेहऱ्यावरचं तेल पांढरट, दुधासारखं होईल. ते झालं म्हणजे तेल आता पाण्याबरोबर वाहून जाईल. ही पायरी गाळून थेट पाणी मारलं तर तेलाचा थर राहतो, आणि लोक म्हणतात ऑइल क्लेन्झिंगनं पुटकुळ्या आल्या. घरातलं खोबरेल तेल इथे वापरू नका. ते पाण्यात मिसळत नाही, आणि पुटकुळ्या येणाऱ्या त्वचेची रंध्रं बुजवतं.

दुसऱ्या फेरीला सौम्य जेल किंवा फेसवॉश, हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढा. हातावर पाण्यात फेसून मग चेहऱ्यावर अर्धा ते एक मिनिट. पाणी कोमट, गरम नाही. आठ-दहा ओंजळी पाण्यानं धुवा, त्यातल्या निम्म्या तरी केसांच्या रेघेवर आणि जबड्याखाली पडू द्या. टॉवेल दाबून टिपा, घासू नका. चेहरा दमट असतानाच ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. रात्री झोपताना पुन्हा धुवायचं नाही. सकाळी साधं पाणी पुरे, फार तेलकट वाटलं तर थोडा जेल. ज्या दिवशी घरातच आहात आणि वॉटर-रेझिस्टंट सनस्क्रीन लावलेलं नाही, त्या दिवशी तेलाची फेरी गाळा.

इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण नीट धुणं म्हणजे जोरात धुणं अशी समजूत घट्ट बसलेली आहे. त्वचेचा पीएच 4.5 ते 5.5 च्या आसपास असतो आणि अंगाच्या नेहमीच्या साबणाचा 9 ते 10. असा साबण, दाणेदार स्क्रब किंवा दिवसातून चार वेळा फेसवॉश, यांनी वरच्या थराला धरून ठेवणारा मेद निघून जातो. मग त्वचेतलं पाणी उडतं, आणि खिळखिळ्या झालेल्या थरातून बारीक कण आणि त्यांच्यासोबतची संयुगं आत जायला वाट मोकळी होते. प्रदूषण घालवायला म्हणून जास्त घासलं, तर त्यालाच दार उघडून दिल्यासारखं होतं. ओळखायचं कसं? धुतल्यानंतर एकदा काहीही न लावता दहा मिनिटं थांबा. चेहरा ओढल्यासारखा वाटला, ओठांच्या कोपऱ्यात पांढुरकं सुटलं किंवा मॉइश्चरायझर लावताना चुरचुरलं, तर क्लेन्झर कडक आहे किंवा हात जड आहे. बोट फिरवल्यावर चर्रर्र आवाज होणं ही स्वच्छतेची खूण नाही.

पाण्याचंही पाहा. नळाला नर्मदेचं पाणी येतं का, की इमारतीचं बोअरिंगचं आहे? माळव्यात बोअरिंगचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. बादलीभर पाण्यात अंगाचा साबण चोळून पाहा. फेस न होता वर दह्यासारखी पांढरी साय धरली तर पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून तीच साय चेहऱ्यावर चिकटते, आणि जड पाण्यात फेसवॉशचे घटकही त्वचेवर जास्त उरतात असं अभ्यासात दिसलेलं आहे. कोरडेपणा आणि जबड्याकडची खाज यामागे कधी कधी एवढंच कारण असतं. उपाय स्वस्त आहे: साबणाऐवजी साबणरहित जेल वापरा आणि शेवटचं धुणं आरओच्या किंवा गाळलेल्या मगभर पाण्यानं करा. तांब्याभर, म्हणजे अर्धा लिटर पाणी पुरतं.

डाळीच्या पिठाबद्दल आईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बेसन तेल शोषतं, आणि सणासुदीला उटण्यासारखं हलक्या हातानं लावलं तर बिघडत नाही. पण वॉटर-रेझिस्टंट सनस्क्रीनचा पडदा त्यानं सुटत नाही, पीठ वाळल्यावर चोळून काढताना गाल घासला जातो, आणि केसांच्या रेघेत व भुवयांत पिठाचे कण अडकून राहतात. रोजच्या प्रवासानंतर बेसन नको.

जबड्याच्या पुटकुळ्यांचा मुख्य संशय मला स्टोलवर आहे. तुम्ही तो जबड्यावरून ओढून मागे गाठ मारत असाल, आणि हेल्मेटचा पट्टा त्याच जागी बसत असेल. घाम, दाब आणि घासणं एकाच रेषेत, रोज. संध्याकाळी स्टोल उलगडून पाहा: नाकाखाली येणाऱ्या घडीवर करडा पट्टा आणि आतल्या बाजूला सनस्क्रीनचा डाग दिसेल. दुसऱ्या दिवशी घाईत तो उलटा बांधला गेला, तर कालची बाहेरची बाजू आज तोंडावर. सुती, मऊ असे तीन स्टोल ठेवा आणि रोज धुतलेला बांधा. कपड्याच्या साबणाचा अंश राहू नये म्हणून एक पाणी जास्त काढा. हेल्मेटचं अस्तर निघत असेल तर आठवड्यातून एकदा धुवा, निघत नसेल तर आत पातळ सुती टोपी घाला. आणि स्टोल पीएम 2.5 अडवत नाही हे ध्यानात असू द्या. जाडी धूळ तेवढी थांबते. फुप्फुसांसाठी स्टोलखाली नीट बसणारा एन-95 हवा. हिवाळ्यात सकाळी धूर खाली बसून राहतो आणि दिवाळीच्या आठवड्यात हवा जड होते, तेव्हा तर हवाच. त्या बाबतीत चेहऱ्याला लावायच्या कुठल्याही बाटलीचा उपयोग नाही.

आता पैशांचा हिशेब. सीरमचे चार-पाच थेंब म्हणजे साधारण पाव मिली, पण ड्रॉपर भरून घेण्याच्या सवयीनं अर्धा मिली सहज जातो. म्हणजे 30 मिली दोन महिने, रोजचे 30 रुपये. समजा 400 रुपयांचा 100 मिली सौम्य जेल घेतलात आणि रोज दीड मिली वापरलात, तर तोही दोन महिने चालतो, रोजचे सहा रुपये. क्लेन्झिंग ऑइल 500-600 रुपयांचं घेतलं आणि रोज वापरून तेही दोन महिने पुरलं, तर दोन्ही मिळून सीरमच्या निम्म्याच्या आसपास. उरलेल्या पैशांतून सनस्क्रीन नीट मात्रेत लावा: एसपीएफ 30 किंवा जास्त, पीए+++, चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं. उन्हाची आणि धुराची जोडी तुटते ती इथे. सकाळी सनस्क्रीन आणि संध्याकाळी धुणं, या दोन टोकांमध्येच बहुतेक काम होतं.

सहा आठवड्यांनी पुन्हा कापूस फिरवून पाहा. तीनही जागा स्वच्छ, चेहरा ओढत नाही, पुटकुळ्या कमी, आणि तरीही डागांसाठी काही करावंसं वाटलं, तर मग सीरमचा विचार करा. 'अँटी-पोल्युशन' या शब्दावर जाऊ नका, घटक वाचा. व्हिटॅमिन सी घ्यायचं तर 10 ते 15 टक्के, गडद किंवा अपारदर्शक बाटलीत, लहान आकाराचं. सकाळी, सनस्क्रीनच्या आधी, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. बाथरूमच्या कपाटात ठेवू नका. इंदूरच्या एप्रिल-मेच्या उष्णतेत ते झपाट्यानं खराब होतं, फ्रिजच्या दारात ठेवा. पाण्यासारखं किंवा फिकं पिवळं द्रव गडद नारिंगी-तपकिरी झालं, किंवा उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडू लागले, तर ते संपलं म्हणून टाकून द्या. काही सीरम मुळातच पिवळसर असतात, म्हणून उघडल्याच्या दिवशी बाटलीचा फोटो काढून ठेवा आणि त्याच्याशी रंग ताडून पाहा. तुमची त्वचा मध्ये तेलकट आणि गालांवर कोरडी असेल तर मी व्हिटॅमिन सीच्या आधी 4-5 टक्के नायसिनामाइड सुचवेन. ते स्वस्त आहे, आम्ल नसल्यानं चुरचुरत नाही, उष्णतेत टिकतं, वरचा थर मजबूत करतं आणि डागांवरही थोडं काम करतं.

सहा आठवड्यांनीही पुटकुळ्या तशाच राहिल्या, दुखऱ्या गाठी झाल्या, किंवा गालांवर दोन्हीकडे सारखे तपकिरी पट्टे दिसू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. एम.वाय. रुग्णालयाच्या त्वचा विभागाची बाह्यरुग्ण सेवाही आहे. जाताना वापरात असलेल्या सगळ्या बाटल्या आणि रोज बांधता तो स्टोल बरोबर न्या.